मोबाइलच्या बिलातले जास्तीचे ४,८४३ रुपये

“नमस्कार. मोबाइलच्या बिलाचा फोटो पाठवत आहे. दोन पानं आहेत.”
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

नमस्कार. प्रश्न लिहिला नसला, तरी ६,२४४ रुपये ५६ पैसे या आकड्याखाली पेनानं दोनदा ओढलेली रेघ फोटोत दिसते. ती पुरेशी आहे.

आधी निष्कर्ष सांगतो. तुमचा प्लॅन ४४९ रुपयांचा आहे. त्याच्यावर ४,८४३ रुपये लागले आहेत आणि मग सगळ्यावर जीएसटी. हे ४,८४३ तीन ठिकाणांहून आले: परदेशातलं रोमिंग ४,३७४, तुमच्या नंबरवर सुरू असलेल्या दोन सशुल्क सेवा १८९, आणि मर्यादेबाहेरचं इंटरनेट २८०. यातले १४० रुपये परत मागायला चांगला आधार आहे. १,५७५ रुपये परत मिळतील की नाही, हे तुमच्या फोनमधल्या एका एसएमएसवर ठरेल. इंटरनेटचे २८० मात्र रीतसर लागलेले आहेत. ते पुढच्या महिन्यापासून थांबवता येतील.

हा हिशोब पहिल्या पानावरून कसा निघतो ते बघा, म्हणजे दर महिन्याला तुम्हालाच करता येईल. मोबाइलच्या बिलावर जीएसटी १८ टक्के असतो. मध्य प्रदेशातल्या पत्त्यावरच्या बिलात तो ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा असा दोन ओळींत छापतात. तुमच्या बिलात त्या दोन ओळी प्रत्येकी ४७६ रुपये २८ पैशांच्या आहेत. म्हणून ‘या महिन्याचे एकूण आकार’ या आकड्याला १.१८ने भागलं की कराआधीची रक्कम मिळते: ६,२४४.५६ ÷ १.१८ = ५,२९२. त्यातून प्लॅनचं भाडं ४४९ वजा केलं की ४,८४३ उरतात. हा आकडा शून्याजवळ असेल तर पुढची पानं बघायची गरज नाही. तो दोन-तीनशेच्या वर गेला, की दुसरं पान उघडायचं. भागाकार करताना मागची थकबाकी आणि उशिराचा दंड त्यात मिसळू देऊ नका. तुमच्या बिलात दोन्ही शून्य आहेत, त्यामुळे गणित सरळ सुटलं.

बिलातल्या तारखांचाही घोळ होतो. पोस्टपेडमध्ये भाडं आगाऊ घेतात आणि वापराचे पैसे मागाहून. तुमच्या १२ एप्रिलच्या बिलात ४४९ रुपये १२ एप्रिल ते ११ मे या महिन्याचे आहेत. बाकीचं सगळं १२ मार्च ते ११ एप्रिल या काळात झालेला वापर आहे. मार्चमध्ये परदेशी गेलात, त्याचे पैसे एप्रिलच्या बिलात दिसताहेत ते म्हणूनच.

आता रोमिंग. सगळ्यात मोठी रक्कम इथे आहे आणि तपासण्यासारखंही इथेच जास्त आहे.

तुमच्या बिलात रोमिंगच्या दोन ओळी आहेत. ‘नॅशनल रोमिंग’पुढे ०.०० आहे. लग्नाकार्याला पुण्या-मुंबईकडे गेल्यानं बिल वाढलं, असं अजूनही बऱ्याच घरांत समजतात. हल्लीच्या प्लॅनमध्ये देशात कुठेही फिरलं तरी कॉलला आणि नेटला वेगळा आकार लागत नाही. तेव्हा रोमिंगसमोर मोठी रक्कम दिसली, की ती परदेशातली समजायची. तुमच्या दुसऱ्या पानावर प्रत्येक नोंदीपुढे संयुक्त अरब अमिरातीतल्या नेटवर्कचं नाव आहे.

४,३७४चे तीन तुकडे आहेत. सात दिवसांचा रोमिंग पॅक २,४९९. पॅकबाहेरचा डेटा ९ एमबी, दर १५० रुपये एमबी, म्हणजे १,३५०. पॅकबाहेर आलेले दोन कॉल मिळून ७ मिनिटं, दर ७५ रुपये मिनिट, म्हणजे ५२५. पॅक तुम्ही मागून घेतला असणार, तो बाजूला ठेवू. प्रश्न पॅकबाहेरच्या १,८७५ रुपयांचा आहे.

डेटाच्या नोंदी २६ मार्चला रात्री १२ वाजून १२ मिनिटांपासून १ वाजून ५ मिनिटांपर्यंतच्या आहेत. पहिला कॉल त्याच रात्री १२.३१चा, ३ मिनिटांचा. दुसरा सकाळी ९.२०चा, ४ मिनिटांचा. पॅकची मुदत १९ ते २५ मार्च अशी छापली आहे. वरवर पाहता पॅक २५ला संपला, वापर २६चा, आकार बरोबर.

पण त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं आहे की सर्व वेळा भारतीय आहेत. अमिरातीचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं. म्हणजे बिलावर रात्रीचे १२.१२ असतील, तेव्हा तिथे २५ तारखेचे रात्रीचे १०.४२ झाले होते. तुमच्या हिशोबानं पॅकचा शेवटचा दिवस अजून चालू होता. कंपनीच्या हिशोबानं तो बारा मिनिटांपूर्वी संपला होता. परदेशच्या बिलात अशा शेवटच्या रात्रीचे पैसे फार वेळा दिसतात, आणि पॅक घेतलेला असल्यामुळे माणूस निर्धास्त असतो. सगळ्याच कंपन्या भारतीय वेळ छापत नाहीत. काही त्या देशाची वेळ छापतात. म्हणून नोंदी तपासण्याआधी तळटीप वाचायची.

यातच तुमच्या बाजूनं जाऊ शकेल अशी एक गोष्ट आहे. दुसऱ्या पानावर पॅकमधल्या वापराचीही यादी आहे आणि तिच्यातली पहिली नोंद १९ मार्चची, पहाटे ३.४०ची. पॅकचे ‘सात दिवस’ दोन प्रकारे मोजले जातात. एका प्रकारात तारखा मोजतात: १९ तारीख हा पहिला दिवस, मग पॅक १९च्या पहाटे सुरू झालेला असो वा रात्री, २५ला मध्यरात्री तो संपला. दुसऱ्या प्रकारात पहिल्या वापरापासून चोवीस तासांचा एक दिवस धरतात. या मोजणीनं तुमचा पॅक २६ मार्चला पहाटे ३.४० वाजता संपायला हवा होता. तसं असेल तर रात्रीचे ९ एमबी आणि १२.३१चा कॉल दोन्ही पॅकमध्ये बसतात आणि १,३५० अधिक २२५ असे १,५७५ रुपये चुकीनं लागले आहेत. करासह ते १,८५८ रुपये ५० पैसे होतात. सकाळी ९.२०चा कॉल दोन्ही मोजण्यांत बाहेरच राहतो. त्याचे ३०० द्यावे लागतील.

यातली कोणती मोजणी तुमच्या पॅकला लागू होती, ते पॅक सुरू झाल्यावर आलेल्या एसएमएसमध्ये असतं. १८ आणि १९ मार्चचे एसएमएस काढा. त्यात पॅक संपायची तारीख आणि वेळ असेल, किंवा नुसतंच ‘सात दिवस’ असेल. वेळ दिली असेल तर वाद तिथेच मिटला. नुसतंच ‘सात दिवस’ असेल तर पॅक विकत घेताना ॲपमध्ये ज्या अटी दाखवल्या होत्या त्या उघडून मुदतीचं वाक्य वाचा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ॲपमधलं पान नंतर बदलू शकतं.

मोजणी तारखांची निघाली, तरी एक विनंती करून बघायला हरकत नाही. मुदत संपल्यावर तासाभरातला वापर असेल, तर एक दिवसाचा पॅक मागच्या तारखेनं लावून बाकीचा आकार वजा करण्याची सवलत काही वेळा मिळते. तो तुमचा हक्क नव्हे, म्हणून हक्काच्या भाषेत मागू नका.

रात्री १.०५ नंतर डेटाची एकही नोंद नाही. पॅक संपल्याचा मेसेज बघून तुम्ही नेट बंद केलं असावं. ते ठीकच केलंत, पण डेटा बंद केल्यानं येणारे कॉल थांबत नाहीत. परदेशात असताना आलेला कॉल उचलला, की त्याचे पैसे उचलणाऱ्याला पडतात, आणि मिनिट पूर्ण धरतात: सव्वातीन मिनिटं बोललात तर बिल चार मिनिटांचं. पॅक संपल्यावर पैसे थांबवायचे असतील तर ते सिमच बंद करावं लागतं. दोन सिमच्या फोनमध्ये सेटिंगमधून एक सिम बंद करता येतं. एकच असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून वायफाय तेवढं चालू ठेवायचं. डेटासाठी अँड्रॉइडवर Settings मध्ये Network & internet, तिथून SIMs आणि आत Roaming; काही कंपन्यांच्या फोनवर याचंच नाव Data roaming असतं. आयफोनवर Settings, Mobile Data, Mobile Data Options, Data Roaming. हा खटका विमानात बसण्याआधी बंद करावा आणि पॅक चालू झाल्याचा मेसेज आल्यावरच उघडावा.

त्या ५३ मिनिटांत फक्त ९ एमबी गेले, म्हणजे तुम्ही काही बघत बसला नव्हता. घरच्या ग्रुपवर आलेले एक-दोन छोटे व्हिडिओ आपोआप उतरले तरी एवढा डेटा जातो. इंदुरात तुमच्या प्लॅनच्या मर्यादेबाहेरही एका एमबीला जेमतेम दोन पैसे पडतात. तिथे १५० रुपये पडले. साडेसात हजार पटींचा फरक आहे हा. म्हणून परदेशी जाताना फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करून ठेवा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमध्ये Settings, Storage and data, आणि तिथे When roaming समोर काहीच निवडलेलं नको.

पुढे कधी परदेशी जाऊन आलात, की बिलात जाण्या-येण्याच्या दिवशी विमानातल्या नेटवर्कची नोंद आहे का तेवढं पाहा. काही विमानांत स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोनवर त्याचं नाव AeroMobile असं काहीतरी दिसतं. जमिनीवरच्या देशाचा पॅक तिथे चालत नाही.

दुसरी रक्कम १८९ रुपयांची. बिलात ती ‘व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिसेस’ या नावाखाली आहे आणि आत दोन नोंदी आहेत. कॉलर ट्यून, ४९ रुपये, २१ मार्चला एकदा. आणि गेम्सची कुठलीशी सेवा, ३५ रुपये, १६, २३, ३० मार्च आणि ६ एप्रिल अशी चारदा, म्हणून १४०.

तारखांमधलं अंतर बघितलं की अशी सेवा लगेच ओळखू येते. बरोबर सात-सात दिवसांनी तीच रक्कम लागली असेल, तर ती आपोआप नूतनीकरण होणारी साप्ताहिक वर्गणी असते. अशा सेवा रोज, आठवड्याला किंवा महिन्याला आपोआप नव्या होतात आणि रक्कम मुद्दाम लहान असते. पाच रुपये रोज म्हटलं की महिन्याचे दीडशे होतात हे पटकन लक्षात येत नाही. कॉलर ट्यून तुम्ही किंवा घरातल्या कुणी लावली असेल. ठेवायची की नाही तो तुमचा प्रश्न. गेम्सची सेवा मात्र बहुधा एखाद्या जाहिरातीवर बोट पडून किंवा लहान मुलाच्या हातात फोन असताना सुरू झाली असावी.

आणि इथे तुमची बाजू भक्कम आहे. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, जुलै २०१३मध्ये कंपन्यांना निर्देश दिले की अशी सशुल्क सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची: एकदा सेवा मागताना आणि दुसऱ्यांदा, किंमत आणि मुदत दाखवून, खात्री करताना. त्या दुसऱ्या संमतीची नोंद कंपनीकडे असायला हवी. म्हणून तक्रार करताना ‘मी ही सेवा घेतलीच नाही’ एवढ्यावर थांबू नका, ती नोंद मागा. आपल्याकडे कस्टमर केअरशी हिंदीतच बोलावं लागतं, तेव्हा वाक्यही हिंदीतच देतो: ‘इस सेवा के लिए मेरी दूसरी सहमति का रिकॉर्ड बताइए, तारीख, समय और किस माध्यम से ली गई।’ नोंद दाखवता आली नाही तर पैसे परत करण्यावाचून त्यांच्यापाशी फारसं काही उरत नाही. घरातल्याच कुणी दोनदा ‘होय’ दाबलेलं निघालं तर मात्र पैसे परत मिळण्याची आशा धरू नका.

सेवा बंद करायला त्याच नंबरवरून 155223 या क्रमांकावर हा एसएमएस पाठवा:

```
STOP
```

हा क्रमांक सगळ्या कंपन्यांना सारखा आहे आणि एसएमएसला पैसे पडत नाहीत. उत्तरात तुमच्या नंबरवर चालू असलेल्या सेवांची यादी येते. जी बंद करायची तिचा पर्याय उलट पाठवायचा. त्याच क्रमांकाला फोन करूनही चालतं. बंद झाल्याचा एसएमएस येईपर्यंत ती चालू आहे असंच धरा आणि आलेला एसएमएस पुसू नका. सात दिवसांचं चक्र बघता पुढची वसुली १३ एप्रिलला होती आणि तुमचं बिल १२ला निघालं. त्या दिवशी सेवा चालू होती तर मेच्या बिलात किमान एकदा ३५ रुपये येतील, आणि नंतरही चालू राहिली असेल तर आणखी. ते बघून सेवा बंद झालीच नाही असं समजू नका. वसुलीची तारीख बंद झाल्याच्या एसएमएसच्या आधीची आहे की नंतरची, ते पडताळा.

एक प्रकार STOP पाठवून बंद होत नाही. ॲप किंवा गेममधली खरेदी मोबाइलच्या बिलात जोडण्याची सोय चालू असेल, तर बिलात गुगल प्ले किंवा ॲपलचं नाव येतं, आणि वर्गणी तिथूनच बंद करावी लागते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या चित्रावर बोट ठेवा, Payments & subscriptions, मग Subscriptions. आयफोनवर Settings, तुमचं नाव, Subscriptions. फोनमधून ॲप काढून टाकल्यानं वर्गणी बंद होत नाही. तुमच्या बिलात अशी नोंद नाही, पण घरात मुलांचे फोन तुमच्या नावावर असतील तर त्यांची बिलं या नजरेनं एकदा बघून घ्या.

राहिले २८० रुपये. प्लॅनमध्ये ५० जीबी, वापर ६४ जीबी, जास्तीच्या १४ जीबीला २० रुपये जीबीप्रमाणे २८०. चूक काही दिसत नाही. मर्यादेच्या ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर एसएमएस पाठवणं कंपन्यांना ट्रायच्या नियमानं बंधनकारक आहे; तुमच्या मेसेजच्या स्पॅम किंवा प्रमोशनच्या कप्प्यात ते सापडतील. तिसऱ्या मेसेजची तारीख नीट बघा. ती महिना संपायच्या दोन-तीन दिवस आधीची असेल तर एखाद्या दिवशी घरचं वायफाय बंद पडलं असेल, विशेष काही करायला नको. ती वीस-बावीस दिवसांतच आली असेल, तर प्लॅनच तुम्हाला पुरत नाही. आणखी एक खूण सांगतो: सात दिवस तुम्ही देशाबाहेर होता आणि तो डेटा यात धरलेला नाही. म्हणजे ६४ जीबी तुम्ही चोवीस दिवसांतच वापरले आहेत. या वेगानं पूर्ण महिन्याला ८०च्या आसपास जातील, म्हणजे मेच्या बिलात हे २८०चे सहाशेच्या घरात असतील. म्हणून हा वाढता खर्च आताच अडवलेला बरा.

आधी कारण शोधा. फोनमध्ये डेटाच्या वापराचं पान उघडलं की ॲपनिहाय यादी दिसते, पण अँड्रॉइड फोन महिना बहुधा १ तारखेपासून मोजतो आणि तुमचं बिल १२पासून. त्याच पानावर चक्राची तारीख १२ करून घ्या, नाहीतर आकडे कधीच जुळणार नाहीत. आयफोन स्वतःहून नव्यानं मोजायला लागत नाही. दर १२ तारखेला त्या यादीच्या तळाशी Reset Statistics दाबावं लागतं. वर एखादं व्हिडिओचं ॲप असेल तर मोबाइल डेटावर चित्राचा दर्जा कमी करा. फोटोंचा बॅकअप असेल तर तो फक्त वायफायवर ठेवा. हॉटस्पॉट असेल तर लॅपटॉप त्यावर स्वतःचे अपडेट उतरवत असतो. आयफोनवर Wi-Fi Assist चालू असेल, तर वायफाय कमजोर होताच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. घरात राउटरपासून लांबच्या खोलीत झोपणाऱ्यांचा डेटा असाच जातो. तेही बंद करा.

एवढं करूनही दर महिन्याला दहा-बारा जीबी जास्त लागत असतील, तर वरचा प्लॅन घ्या. तुमच्या कंपनीचा वरचा प्लॅन शंभर रुपयांनी महाग असेल तर करासह ११८ रुपये जादा पडतील, आणि सध्या तुम्ही करासह ३३० रुपये ४० पैसे देत आहात. फक्त प्लॅन चक्राच्या मधेच बदलू नका. मधे बदलला की जुन्या आणि नव्या भाड्याचे दिवसांनुसार तुकडे पडतात आणि पुढचं बिल विनाकारण गुंतागुंतीचं होतं. ११ तारखेच्या एक-दोन दिवस आधी विनंती करून नव्या चक्रापासून लागू करायला सांगा.

आता तक्रार. तुमच्याच नंबरवरून 198 लावा. तो तक्रारीचा क्रमांक आहे, 121 माहितीचा. दोन वेगळ्या तक्रारी नोंदवा, एक गेम्सच्या १४० रुपयांची आणि एक रोमिंगच्या १,५७५ची. दोन्ही एकत्र सांगितल्या की १४० परत देऊन अख्खी तक्रार मिटवल्याचं दाखवलं जातं आणि मोठी रक्कम मागे राहते. प्रत्येकीचा तक्रार क्रमांक, ज्याला ते डॉकेट नंबर म्हणतात, एसएमएसनं येतो. दुकानात जाऊन सांगितलंत तरी तो घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. काउंटरवरच्या माणसानं ‘बघतो’ म्हटलं, त्याची कुठेही नोंद होत नाही.

बिल भरण्याची शेवटची तारीख ३० एप्रिल आहे. शक्य असेल तर पूर्ण रक्कम भरा आणि निकाल तुमच्या बाजूनं लागला की परत मिळणारी रक्कम पुढच्या बिलात वळती करून घ्या. वादातली रक्कम अडवून ठेवण्याचा मोह होतो, पण बिलाच्या तक्रारीचा निकाल लागायला चार-सहा आठवडे जाऊ शकतात. तोवर उशिराचा दंड लागतो, बाहेर जाणारे कॉल बंद होऊ शकतात, आणि थकबाकीची नोंद क्रेडिट ब्युरोकडे गेली तर गृहकर्जाच्या वेळी ती निस्तरत बसावं लागतं.

उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. तिथे अर्ज करायला पैसे लागत नाहीत, मुदत ३० दिवसांची आहे आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. अपिलाच्या अर्जाला पहिल्या तक्रारीचा क्रमांक लागतो, म्हणून तो जपून ठेवा. त्यानंतर इंदूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवा स्पष्टपणे धरलेली आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही. तुमची रक्कम बघता तिथवर जावं लागेल असं वाटत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

फोटोबद्दलही एक सांगायचं आहे. त्यात तुमचा मोबाइल नंबर, घराचा पत्ता आणि ग्राहक खाते क्रमांक स्वच्छ वाचता येतो. या तीन गोष्टी हातात असल्या की ‘तुमच्या बिलात रिफंड आला आहे’ असा खरा वाटणारा फोन कुणीही करू शकतो. बिल कुणालाही दाखवताना वरचा एक तृतीयांश भाग कागदानं झाका. हिशोबाला लागतं ते सगळं त्याच्या खाली असतं. आणि तक्रार नोंदवल्यावर रिफंडसाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन मागणारा फोन आला, तर तो ठेवून द्या. मोबाइल कंपनीचा रिफंड तुमच्या बिलाच्या खात्यातच वजा होतो, त्याला पिन लागत नाही.

१२ मेचं बिल आलं की रोमिंगची ओळ पुन्हा बघा. परदेशातल्या वापराची नोंद आधी तिथल्या कंपनीकडे होते आणि मग ती आपल्या कंपनीकडे पाठवतात. त्यामुळे २५-२६ मार्चचा एखादा कॉल एप्रिलच्या बिलातून सुटून मेमध्ये येऊ शकतो. वापराची तारीख मार्चची असेल तर तो खरा असू शकतो, आणि वेळ पहाटे ३.४०च्या आधीची असेल तर तोही त्याच रोमिंगच्या तक्रारीत जोडा. तारीख एप्रिलची असेल, म्हणजे तुम्ही परतल्यानंतरची, तर तिसरी तक्रार नोंदवा आणि तिच्यासोबत पासपोर्टवरच्या परतीच्या शिक्क्याची प्रत द्या.